पुसलेला दुभाजक

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मावशीच्या फोनवर वहीच्या पानाचा फोटो यायचा. फोटो आला की ती गॅस बारीक करायची, हात पुसायची, चष्मा शोधायची आणि तो डोक्यावरच सापडला की स्वतःला एक टोमणा मारायची. मग खुर्ची खिडकीशी ओढून बसायची. फोटो पाहायला खुर्ची लागत नाही, हे तिलाही कळत होतं. पण अख्ख्या दिवसात आपली म्हणावी अशी जी एकच गोष्ट, ती उभ्याउभ्या उरकू नये, असं तिचं मत होतं.

फोटो पाठवायची खारू. तिची भाची, बारा वर्षांची. दात आल्यापासून प्रत्येक पेन्सिलीचं मागचं टोक कुरतडत आली, म्हणून खारूताई, आणि पुढे ताई गळून नुसती खारू. खारू रांगत होती तेव्हा तिची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, गेली. भेटायला येणारा प्रत्येकजण निघताना दारात तीच म्हण सांगून जायचा, माय मरो पण मावशी जगो. तर मावशी जगली. जगल्यावर तिने पुढे काय करायचं, ते मात्र त्या म्हणीत कुणी सांगून ठेवलेलं नाही. तिने आपल्या समजुतीने केलं. लग्नाचं राहून गेलं होतं ते राहूच दिलं, शाळेत गणित शिकवत राहिली, आणि घरी एक खार पाळली.

खारूच्या वडिलांची नोकरी फिरतीची. रविवारी यायचे, खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे बसायचे, लेकीला किती उंच झालीस म्हणायचे आणि जायचे. मग त्यांना दुसऱ्या गावी कायमची जागा मिळाली, राहायला घर मिळालं, आणि त्या घरात लग्न करून आणलेली बायको आली. शाळा सुरू व्हायच्या आधी ते खारूला घेऊन गेले. यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि हीच तर पंचाईत होती. चुकीचं असतं तर मावशीने त्याखाली लाल रेघ मारली असती.

पहिला महिनाभर खारू फोनवर रडायची आणि मावशी न रडण्याचं सोंग करायची. मग एके दिवशी भाऊजींनीच फोन केला.

"ताई, राग मानू नका. पण तुमचा फोन झाला की ती जेवत नाही. हिच्याशी बोलत नाही. थोडे दिवस फोन नको. अभ्यासाचं काही अडलं तर जरूर विचारू दे, तुमच्यासारखं शिकवणारं कोण आहे? पण नुसत्या गप्पा नकोत. जीव रमू दे तिचा इथे."

"बरोबर आहे तुमचं," मावशी म्हणाली. आणि त्यांचं बरोबरच होतं. शाळेत तिनेच किती आयांना सांगितलं होतं, गेटपाशी रेंगाळू नका, तुम्ही गेलात की पोर आपोआप शांत होतं.

तेव्हापासून खारूचं रोज काहीतरी अडायला लागलं.

आधी अपूर्णांक अडले. मग शेकडेवारी. आता भूमिती सुरू झाली होती, आणि त्या दिवशीच्या फोटोत एक कोन होता. वर खारूच्या गोल अक्षरात लिहिलेलं: चौसष्ट अंशांचा कोन काढा व कंपास आणि पट्टीच्या साहाय्याने तो दुभागा. खाली खारूने तो दुभागला होता, म्हणजे दुभागायचा प्रयत्न केला होता. मधला किरण एका भुजेकडे कलला होता, लग्नात एका बाजूच्या पाहुण्यांकडे ओढून नेलेल्या फोटोवाल्यासारखा.

मावशीला पहिल्यांदा वाटलं, फोटोचा दोष असेल. वहीचा फोटो तिरका काढला की चौरसाचा पतंग होतो आणि वर्तुळाचं अंडं. तिने लिहिलं, फोन वहीच्या बरोबर वर आडवा धरून काढ, पानाच्या चारही कडा दिसू देत. दुसरा फोटो आला. पान काटकोनात होतं. दुभाजक तसाच कललेला.

मग फोन.

"मावशी, हे दुभागतच नाहीये."

"तो कसा दुभागेल? तूच दुभागायचंयस. कुठे टोक ठेवलंस आधी?"

"शिरोबिंदूवर."

"शाब्बास. मग?"

"मग कंस काढला. दोन्ही भुजांना कापणारा."

"किती अंतर घेतलंस?"

"असंच. कितीही चालतं ना?"

"कितीही चालतं, फक्त दोन्ही भुजांना कापायला हवा. आता तो कंस जिथे जिथे कापतो ते दोन बिंदू. आता टोक कुठे?"

"शिरोबिंदूवरच?"

"अगं, शिरोबिंदूला सोड आता, त्याचं काम झालं. त्या दोन बिंदूंपैकी एकावर टोक ठेव आणि कोनाच्या आत एक कंस काढ. तेच अंतर ठेवून दुसऱ्यावर टोक ठेव, पुन्हा कंस काढ. दोन्ही कंस एकमेकांना जिथे छेदतील, तिथून शिरोबिंदूपर्यंत पट्टी. झाला दुभाजक."

"तेच अंतर म्हणजे पहिलंच?"

"पहिलं ठेव, नाहीतर नवं घे. नवं घेतलंस तर त्या दोन बिंदूंमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त घे, नाहीतर कंस एकमेकांना भेटायचेच नाहीत. पण दोन्हीकडे एकच. एकीकडे जास्त फाकवलास, एकीकडे कमी, तर किरण कमीवाल्याकडे झुकणार. तुझं तेच झालंय."

"असं होय," खारू म्हणाली, आणि मग हळूच, "मावशी, तू काय करतेयस?"

"कोन दुभागतेय."

"तसं नाही. आधी काय करत होतीस?"

"भात."

"माझ्या खोलीतला पंखा अजून कटकट वाजतो का?"

मागून एका बाईचा आवाज आला, मऊ, बिचकत आलेला. "झालं का गं? पानं घेतलीयेत."

"ऐका ना, दोनच मिनिटं. गणित चाललंय," खारूने तोंड फिरवून सांगितलं, आणि फोनमध्ये परत येऊन म्हणाली, "तर मावशी, पहिला कंस कुठून काढायचा म्हणालीस?"

दुसऱ्या दिवशी नवा कोन आला, आणि दुभाजक पुन्हा कललेला. तिसऱ्या दिवशी विशालकोन, तोही तसाच. मावशी रोज पहिल्यापासून सांगायची, खारू रोज पहिल्यापासून विसरायची, आणि गॅसवरचा भात रोज तळाला लागायचा. मावशीला त्यात सुख होतं. पण सुखाच्या पोटात एक काटा होता. ती तीस वर्षं शिकवत होती. कोणतं पोर कुठे चुकतं ते तिला चालीवरून कळायचं. आणि हे पोर, ज्याने दुसरीत असताना कंपासने घरभर सहा पाकळ्यांची फुलं काढून भिंती रंगवल्या होत्या, ते एकच पायरी रोज चुकत होतं. खरंच न समजलेला मुलगा निरनिराळ्या ठिकाणी चुकतो. रोज एकाच ठिकाणी चुकायला पक्कं समजलेलं असावं लागतं.

हा विचार तिने मनातल्या मनात काढला आणि पुसून टाकला.

शाळेत मधल्या सुट्टीत ती तो चौसष्ट अंशांचा फोटो बघत बसली होती. समोर चित्रकलेचे सर डबा खात होते. सरांना दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावायची सवय होती, आणि ती लपवायचीही सवय नव्हती.

"भाची का? कंपासबाईंची भाची आणि कोन वाकडा? दिव्याखाली अंधार हो."

"खा तुम्ही."

"खातोच आहे. जरा मोठं करा ते. नाही, इथे मधे." सरांनी चमचा खाली ठेवला. "खोडरबर केवढा चालवलाय बघा. कागदाची लव निघालीय. आमच्या वर्गात असं कोण करतं सांगू? ज्याला चित्र साधलेलं असतं आणि मग भीती वाटते की फारच साधलं, कुणी म्हणेल बापाने काढून दिलं. ते मग मुद्दाम बिघडवतं."

"काहीतरीच तुमचं."

"काहीतरीच," सर राजीखुशीने म्हणाले आणि परत डब्याकडे वळले.

मावशीने बोटांनी फोटो मोठा केला. पेन्सिल पुसली तरी कंपासने दाबून ओढलेली खाच कागदात राहते, उजेड बाजूने आला तर दिसते. कोनाच्या आत, बिघडलेल्या कंसांच्या शेजारी, फिकट, जवळजवळ नसलेली अशी एक फुली होती. तिने परीक्षेच्या जुन्या पेपराची कडा फाडली, फोनच्या काचेवर ठेवली आणि एका बिंदूपासून त्या फुलीपर्यंतच्या अंतराची खूण केली. कागद उचलून दुसऱ्या बिंदूवर ठेवला. खूण बरोबर फुलीवर आली. शिरोबिंदूतून त्या फुलीतून जाणारी पुसलेली रेघही मग दिसायला लागली. एकदा दिसली की ती न दिसणं शक्य नव्हतं.

मुलीने कोन अचूक दुभागला होता. मग पुसला होता. मग कंपास थोडा फाकवून परत चुकवला होता.

मावशी बाकीचे फोटो उघडत गेली. विशालकोनातही तेच. शेकडेवारीत उत्तराच्या खाली दुसरं उत्तर, बरोबर. अपूर्णांकांत सुद्धा. घंटा वाजली तेव्हा सर म्हणाले, "बाई, सातवी ब वाट बघतेय," आणि ती उठली, खडू घेतला आणि चष्मा न घेताच वर्गात गेली. तिथे तिला फळा धूसर दिसत राहिला, आणि तो चष्म्याचाच दोष आहे असं तिने तासभर धरून चालवलं.

घरी येताना तिला आनंद होत होता हे कबूल करायला हवं. कुणीतरी रोज आपल्यासाठी बरोबर गोष्ट चुकीची करतं, याहून मोठा लाड कोणता? हे चालू द्यावं. कुणाचं काय जातं? वहीतच तर चुकतेय.

त्याच संध्याकाळी फोटोच्या आधी भाऊजींचा फोन आला.

"ताई, शाळेतून बोलावलं होतं. चाचणीत भूमितीत काहीच आलं नाही तिला. सगळ्या रचना वाकड्या. बाई म्हणाल्या, पुढच्या चाचणीत असंच झालं तर कच्च्या मुलांच्या तुकडीत घालणार. मी म्हटलं, अहो, मावशी स्वतः गणिताच्या शिक्षिका, रोज शिकवतात. तर म्हणाल्या, मग तर अवघड आहे."

मावशीने गॅस बंद केला.

"मला वाटतं संध्याकाळचा क्लास लावावा. तुम्ही जीव तोडून सांगता, पण फोनवर कंपास कसा कळणार? बरोबर ना?"

चाचणीतही. अर्थात चाचणीतही. चाचणीत बरोबर आलं असतं तर संध्याकाळी काय विचारणार होती ती? पोरीने हिशेब पक्का केला होता, त्यात एकच पायरी तिला दिसत नव्हती. क्लास लागला की फोन तसाही बंद.

"दोन दिवस द्या मला," मावशी म्हणाली. "मग काय तो क्लास लावा."

त्या संध्याकाळी फोटो आला. तिने फोन केला, नेहमीसारख्या पायऱ्या सांगितल्या, आणि बोलताना तिच्या जिभेवर एक वाक्य येऊन थांबलेलं होतं: मला चुकीचे पाठव हवे तितके, पण चाचणीत बरोबर काढ, राणी. किती सोपं होतं. दोघींचं गुपित. बापाला कळलं नसतं, त्या दुसरीला कळलं नसतं. खारू आनंदाने हो म्हणाली असती. आणि त्या घरात पोर रोज संध्याकाळी एक खोटी चूक काढून, तिच्या आडोशाला बसून, मोठी होत गेली असती.

मावशीने वाक्य गिळलं. ते खाली जाताना बरंच टोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खारू शाळेत असेल अशा वेळी, तिने शोधूनही न सापडणारं धैर्य जवळ आहे असं समजून त्या दुसरीच्या नंबरावर फोन लावला. पण तिच्या आधी पलीकडूनच बोलणं सुरू झालं.

"ताई, मीच करणार होते तुम्हाला. भीती वाटत होती." खारूच्या वडिलांची बायको औषधाच्या दुकानात कामाला होती आणि आत्ता दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसली होती. मागे खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. "माझ्यामुळे होतंय का हो हे? मी जवळ बसले की वही मिटते. एकदा म्हटलं, दाखव मला, तर म्हणाली, तुम्हाला येतं का? आता मला कुठे येतं? मी खोटं तरी कसं सांगू."

"कंपासपेटी आहे का तिथे?"

"इथे? दुकानात?"

"पोरांना विकत नाही का तुम्ही?"

"ताई, औषधाचं दुकान आहे."

"मग शेजारच्या दुकानातून आणा. मी थांबते."

ती खरंच गेली आणि आली. धापा टाकत होती. मावशीने तिला खारूचा पहिला फोटो पाठवला, तो चौसष्ट अंशांचा. "यात वर लिहिलेला प्रश्न आहे तो सोडवायचा. खालचं चित्र बघू नका. खोक्याचा पुठ्ठा असेल तर कागदाखाली घ्या, टोक घसरणार नाही. काढा कोन."

"काढला. आता?"

"टोक शिरोबिंदूवर. कंस. दोन्ही भुजा कापायला हव्यात."

"कापल्या. दोन बिंदू आले."

"नावं द्या त्यांना."

"कोणती?"

"तुमच्या आवडीची."

पलीकडून बिचकत, "ताप आणि खोकला?"

मावशीला हसू आलं, आणि येऊ नये असं तिला वाटलं होतं. "चालेल. आता तापावर टोक ठेवा, आत एक कंस. कंपास हलू न देता उचला, खोकल्यावर टोक, पुन्हा कंस. भेटले?"

"भेटले. पण जरा... ताई, माझा कंपासच सैल आहे, फाकतोय."

"स्क्रू घट्ट करा. हेच तर सगळं आहे त्यात. एकदा फाकला की गेलं. पुन्हा काढा."

पुन्हा काढला. पट्टी ठेवली. कोनमापकाने मोजलं. "बत्तीस," ती म्हणाली, आणि मग दुसऱ्या बाजूने मोजून, लहान आवाजात, "बत्तीस. अय्या. पण असं का होतं?"

हा प्रश्न मावशीला अपेक्षित नव्हता. वर्षानुवर्षं मुलांनी तो विचारावा म्हणून ती वाट बघत असे, आणि तो आता इथून यावा? "ताप शिरोबिंदूपासून जेवढा लांब, तेवढाच खोकला. पहिल्या कंसामुळे. बरोबर? आणि तुमचे कंस जिथे भेटले त्याला काय म्हणू आपण?"

"सर्दी."

"सर्दी तापापासून जेवढी लांब तेवढीच खोकल्यापासून. कारण अंतर तेच ठेवलंत. आणि मधली रेघ तर दोघांची सामाईकच. दोन त्रिकोण झाले, तिन्ही बाजू जोडीजोडीने सारख्या. म्हणजे त्रिकोण एकरूप, आणि मग शिरोबिंदूपाशी दोघांच्या वाट्याला आलेला कोनही सारखाच. त्याला दुसरा इलाजच नाही."

"इतकं साधं," ती म्हणाली. "शाळेत कुणी सांगितलंच नाही. मग आज मी शिकवते तिला. शिकवू ना?"

"नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही शिकवायला बसू नका. शिकायला बसा."

"म्हणजे?"

"तिच्यासमोर काढा. आणि चुकवा. तापावरून काढलात की कंपास हळूच थोडा फाकवा आणि मग खोकल्यावर जा. तिला कळणार नाही अशा बेताने नाही, कळेल असं. रेघ वाकडी येईल. विचारू नका काही. नुसतं म्हणा, बत्तीस का येत नाहीये कोण जाणे."

"आणि ती सांगेल मला? तिलाच तर येत नाही."

मावशीने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी वाळत घातली होती. पोरीचं गुपित पोरीचं होतं, ते द्यायचा हक्क हिला नव्हता. "तिला येतं," ती एवढंच म्हणाली. "चुकीची रचना समोर दिसली तर ती गप्प बसू शकत नाही. माझ्या घरात वाढलीय."

पलीकडे खोकी सरकवायचं थांबलं होतं. बाई औषधं देणारी होती, चिठ्ठीवरचं वाकडं अक्षर वाचायची तिला सवय होती. ती म्हणाली, "ताई, पण मग ती तुम्हाला फोटो कशाला पाठवेल?"

"नाही पाठवणार."

"मला तसं नको होतं हो."

"मलाही नको होतं," मावशी म्हणाली. "काढा परत एकदा. आता चुकवून दाखवा. फार नको, पाच-सहा अंशच. फार वाकडं काढलंत तर नाटक कळेल."

ती तेवढं चुकवेपर्यंत मावशी फोनवर राहिली. बाई प्रामाणिक होती, चुकवायला तिला बरोबर काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

संध्याकाळी मावशीने गॅस लावलाच नाही. दिवे लागले, समोरच्या गच्चीवरची गादी आत गेली. फोटो आला नाही. मग फोन वाजला.

"मावशी, त्यांनी माझी वही घेतली आणि कंपास धरतात कसा माहितेय? झाडूसारखा," खारूचा आवाज रागाने बारीक झाला होता. "आणि प्रत्येक वेळी मधे फाकवतात. तीन वेळा काढलं. बाबा म्हणतात वा. वा काय? वाकडं आहे ते."

"मग?"

"मग काय. तू सांग ना त्यांना. मी फोन देते."

आता इथे काही करायचं नव्हतं, फक्त मदत करायची नव्हती. एवढंच काम होतं, आणि त्याहून जड काही मावशीने आयुष्यात उचललं नव्हतं.

"मला आज वेळ नाहीये गं," ती म्हणाली. "पेपर तपासायचेत. तूच दाखव त्यांना."

"मी?"

"तू."

"पण मला कुठे..." खारू थांबली. "मी आज फोटो नाही पाठवला अजून."

"नको पाठवूस आज."

"उद्या?"

"उद्याही पेपर आहेत."

पलीकडे पेन्सिल कुरतडल्याचा आवाज आला, किंवा मावशीला तसं वाटलं. मग खारूने विचारलं, अगदी हळू, बाजूला कुणी ऐकू नये असं, "मावशी, तुला कळलं का?"

"काय?"

"काही नाही."

"काही नाही ना? मग जा. त्या ताटकळल्या असतील."

"तू रागावलीयस."

"नाही रागावले."

"मग तू असं का बोलतेयस?" याचं उत्तर मावशीकडे होतं, आणि ते सांगितलं असतं तर आजची सगळी रचना पुसली गेली असती. मग पलीकडे फोन टेबलावर आपटल्यासारखा ठेवला गेला, आणि रागाच्या भरात बंद करायचा राहून गेला.

मावशीने तो कानाशी तसाच धरला.

खुर्ची सरकली. "द्या इकडे," खारू म्हणाली. आवाज ओला होता, पण चुकीच्या रचनेपुढे तिचा नाइलाज होता. "हा काय तुमचा कंस? बघा. असं समजा, हे दोन मित्र आहेत, दोघं दोन रस्त्यांवर उभे. दोघांकडे एकाच मापाची दोरी. तुम्ही एकाला लांब दोरी दिलीत, एकाला आखूड. मग ते मधोमध कसे भेटतील? लांब दोरीवाला आखूडवाल्याच्या दारात जाऊन पडणार ना?"

दोरीचं मावशीने कधी सांगितलं नव्हतं. ना मित्र सांगितले होते ना रस्ते. हे खारूचं स्वतःचं होतं, कुठे आणि कधी तयार झालं होतं कोण जाणे. मावशीच्या सांगण्यातलं त्यात काहीच नव्हतं, आणि चूकही नव्हती. फळ्यावर कुणी असं सांगितलं असतं तर तिने त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून पुन्हा सांगायला लावलं असतं.

"आता काढा. मी कंपास धरते, तुम्ही फिरवा. हलवू नका. हं. आता दुसरीकडे."

"भेटले गं," बाईचा आवाज आला. तो खरोखरच आश्चर्याचा होता, आणि मावशीला कळलं की नाटक मघाशीच संपलं आहे.

"भेटणारच. मोजा."

कोनमापक वहीवर सरकल्याचा आवाज आला. मग बाईने विचारलं, "तुझा फोन चालू आहे का? मावशींना सांगायचं का बत्तीस आलं म्हणून?"

"नाही," खारू म्हणाली. "तिला वेळ नाहीये आज. तुम्ही दुसरा कोन काढा. विशालकोन. तो तुम्हाला येणार नाही."

"कशावरून?"

"बघू ना."

मावशीने फोन कानापासून खाली घेतला आणि स्वतःच बंद केला. तपासायला एकही पेपर नव्हता, तिच्या वर्गाची चाचणी पुढच्या आठवड्यात होती. तिने दिवा लावला. ओट्यावर घासलेली भांडी पालथी होती. ती तिने पुन्हा घासायला घेतली.